वयात न बसणारा तारा

संस्थेत त्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणत. तोंडावर ‘सर’, पाठीमागे मास्तर. शाळेत ते कधीच शिकवायला नव्हते, पण एखाद्याचं चुकलं की चारचौघांत उभं करून कान उपटायची त्यांची पद्धत शाळेतलीच होती. संस्थेच्या दुर्बिणीवर बसवलेला वर्णपटमापक त्यांनी आठ वर्षं खपून बांधला होता. ताऱ्याचा प्रकाश फोडून त्याचा पट्टा मांडणारं ते यंत्र इतकं नाजूक होतं, की त्याच्या खोलीचं तापमान अर्ध्या अंशाने हललं तरी मास्तरांचा पारा दहा अंशांनी चढे. यंत्र झकास चाललं होतं. फक्त त्यातून अजून नाव घेण्याजोगं काही निघालं नव्हतं, आणि निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी मुलगी सव्वीस वर्षांची होती. तिचं नाव पडलं होतं ‘पडताळणी’. कुणी काही आकडा टाकला, की ही तो कागदावर पुन्हा करून बघे. चहाच्या टेबलाशी ती आली की कुणीतरी म्हणे, “सांभाळून बोला रे, पडताळणी आली.” तीही हसे. मास्तरांना मनातून तिचा अभिमान होता, पण तो त्यांनी कधी तिच्या कानावर जाऊ दिला नाही. फार शेफारतात पोरं, असं त्यांचं मत.

तर या यंत्रात एक तारा सापडला. अंधुक, पांढरा, पृथ्वीएवढ्या आकाराच्या आसपासचा. म्हणजे श्वेत बटू. इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. असे हजारो माहीत आहेत. पण वर्णपटातल्या रेषांच्या रुंदीवरून याचं वस्तुमान काढलं, तर ते आलं सूर्याच्या तीन दशांश. एरवी यांचं वजन याच्या दुप्पट तरी भरतं. मास्तरांनी आकडा तीनदा तपासला.

इतके हलके श्वेत बटू सहसा जोडीत सापडतात. शेजारच्या ताऱ्याने वरचं आवरण ओरबाडून नेलेलं असतं, म्हणून वजन कमी. मग याला जोडीदार आहे का? असला, तर दोघे एकमेकांभोवती फिरणार, आणि हा तारा कधी आपल्याकडे येताना, कधी दूर जाताना दिसणार. रेषा तेवढ्या इकडे-तिकडे सरकणार. मास्तरांनी पाच रात्री तारा बघितला. रोज नऊ ते दहा, कारण तोच तास त्यांच्या यंत्राच्या चाचणीसाठी राखून ठेवलेला होता. पाचही रात्री वेग तोच. तारा दूर चाललेला, पण एकाच चालीने. रेषा तसूभर हलल्या नाहीत.

“एकटा आहे,” मास्तर सोमवारच्या बैठकीत म्हणाले. “जोडीदार नाही. म्हणजे हा जन्मालाच छोटा आला, तांबडा बटू म्हणून, आणि आयुष्य संपवून असा पडलाय. मेलेला तांबडा बटू आजवर कुणी पाहिलेला नाही.”

बैठकीला आठ-नऊ जण होते. कुणीतरी टेबलावर थाप मारली. पडताळणीने हात वर केला.

“सर, वय बसत नाही.”

“कुणाचं?”

“ताऱ्याचं. तीन दशांशाचा तांबडा बटू सूर्याच्या शंभराव्या भागाइतकाच प्रकाश देतो. त्यात तो आतून-बाहेरून घुसळला जातो, म्हणून वरचा हायड्रोजन सतत खाली गाभ्यात येत राहतो आणि जवळजवळ सगळाच वापरला जातो. त्याला संपायला कित्येक शे अब्ज वर्षं लागतील. विश्वाचं वय चौदा अब्जसुद्धा नाही. विश्वात पहिल्या दिवशी जन्मलेला तांबडा बटूसुद्धा अजून तरुण असायला हवा.”

“हे मला ठाऊक नाही असं वाटतं तुला?”

“तसं नाही सर. पण मग एकतर वजन चुकलंय, नाहीतर तो एकटा नाहीये. एक पूर्ण रात्र मिळाली, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत सलग, तर—”

“नाहीतर तिसरी शक्यता. आयुष्याचं गणित चुकलंय.” मास्तर खुर्चीत मागे रेलले. “शोध असेच लागतात, बाई. पुस्तकाबाहेर पाहिलं की. तारे काही तुझं पाठ्यपुस्तक वाचून मरत नाहीत.”

सगळे हसले. पडताळणीही कसनुसं हसली आणि वहीत काहीतरी लिहीत राहिली.

त्या संध्याकाळी तिने त्यांना मेल पाठवली. पाच रात्री, पण रोज एकाच तासाला. फेरी बारा किंवा चोवीस तासांच्या आसपास असेल तर तारा रोज आपल्याला त्याच जागी सापडेल, आणि आपण म्हणू तो हललाच नाही. फक्त एक सलग रात्र द्या, अशी विनंती. मास्तरांनी उत्तर तिथल्या तिथे टाकलं, आणि ते काय टाकलं हे ते विसरूनही गेले.

महिन्याभराने संस्थेत लोकांसाठी खुलं व्याख्यान होतं. सभागृह भरलं होतं, मागे माणसं उभी होती. मास्तर बोलायला लागले की सभा त्यांच्या मुठीत असे. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, “अहो, पण मोठ्या ताऱ्याकडे इंधन जास्त, मग तो जास्त टिकायला नको का?”

“नको!” मास्तर खुशीत आले. “समजा, सूर्याच्या वीसपट तारा आहे. इंधन वीसपट, कबूल. पण वजनही वीसपट. एवढा भार तोलून धरायचा तर आतला गाभा कितीतरी जास्त तापलेला हवा. आणि तापलेल्या ताऱ्यातून उष्णता भसाभस बाहेर गळते. जेवढी गळते तेवढी आत तयार करावीच लागते, नाहीतर तारा स्वतःच्याच वजनाने आत बसेल. म्हणून तो जाळतो. किती? सूर्याच्या चाळीस-पन्नास हजारपट! इंधन वीसपट आणि उधळपट्टी पन्नास हजारपट. सूर्य दहा अब्ज वर्षं जगेल. हा एक कोटी वर्षंसुद्धा धड टिकत नाही.”

“आणि छोटे?”

“छोट्यांवर भारच कमी. गाभा जेमतेम तापलेला, मंद धग. सूर्य आपल्यातला साधारण दहावा हिस्साच हायड्रोजन वापरतो, कारण बाहेरचा आत पोचत नाही. छोटा तांबडा बटू सगळा घुसळून घुसळून पुरवतो. आज विश्व जेवढं जुनं आहे, त्याच्या कित्येक पट जगायची त्याची तयारी असते.”

आजोबांनी मान डोलावली. मग मास्तर थांबले, पडद्यावर त्या पांढऱ्या ठिपक्याचं चित्र आणलं आणि म्हणाले, “आणि हा बघा. हा नियम मोडून मेलेला.”

टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली. मागच्या भिंतीशी उभी असलेली पडताळणी टाळ्या वाजवत नव्हती, हे मास्तरांनी पाहिलं होतं. कुत्सित आहे, एवढंच तेव्हा त्यांच्या मनात आलं.

बातमीनंतर तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका वेधशाळेतून मेल आली. भाषा फार सौजन्याची होती. आपली बातमी वाचून कुतूहल वाटलं, म्हणून एक रात्र सलग आठ तास तारा बघितला. सुरुवातीला तो दूर जात होता, सहा तासांनी तितक्याच वेगाने जवळ येत होता. फेरी बारा तासांना दोन मिनिटं कमी. जोडीदार आहे, थंड झालेला, अधिक जड श्वेत बटू, स्वतःचा प्रकाश जवळजवळ नाही. आपला तारा मुळात सूर्यासारखा किंवा थोडा मोठाच असणार. म्हातारपणी फुगला, तेव्हा जोडीदारामुळे त्याचं वरचं आवरण निघून गेलं आणि आत तेवढा तीन दशांशाचा गाभा राहिला. सोबत आलेख जोडला आहे.

मास्तरांनी आलेख उघडला. एकच वळण, वर जाऊन खाली उतरलेलं. त्यांच्या पाचही रात्री त्याच्या माथ्यावर, एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. बारा तासांची फेरी आणि चोवीस तासांनी नेमकं नऊ वाजता डोकावणारा माणूस. पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळलं असतं. कळलं होतंच की एकीला.

संचालिकाबाईंनी त्यांना बोलावलं. त्या कमी बोलत, आणि म्हणूनच त्यांच्यासमोर माणूस जास्त बोले. टेबलावर ती मेल छापून ठेवलेली होती.

“बातमी संस्थेच्या नावाने गेली आहे,” त्या म्हणाल्या. “मला एवढंच सांगा, पाचही रात्री एकाच तासाला कसं काय बघितलं? वेळापत्रक कोणी लावलं?”

उत्तर एकाच अक्षराचं होतं: मी. पण तोंडातून निघालं ते असं: “रोजचं वेळापत्रक माझी विद्यार्थिनी बघते. तिचं लक्ष राहिलं नसावं. माझीही जबाबदारी आहे अर्थात.”

ते ‘अर्थात’ त्यांनी किती सफाईने जोडलं! बाहेर पडताना मास्तरांना स्वतःचाच आवाज परका वाटला. खोटं बोलणं इतकं सोपं असतं, हे साठीच्या उंबरठ्यावर कळावं. वेळापत्रकाची पाटी पडताळणी भरत असे, हे खरं. पण तीत एक ओळसुद्धा मास्तरांच्या सहीशिवाय चढत नसे. म्हणजे खोटंही अर्धंच होतं, आणि अर्धं खोटं पचायला जास्त जड.

दुरुस्त करता आलं असतं. जिना उतरून पुन्हा चढायला दोन मिनिटं लागली असती. मास्तर जिना उतरले आणि गाडीत जाऊन बसले.

घरी बायको ओट्याशी उभी होती. ती दवाखान्यात नर्स होती, नुकतीच ड्यूटी संपवून आली होती. “तुझ्या त्या पडताळणीला रविवारी जेवायला बोलावू का?” ती म्हणाली. “मागे आली होती तेव्हा बिचारीने दोन घासच खाल्ले, तू तिला सगळा वेळ आकडेच विचारत होतास.”

“नको.”

“का रे?”

“कामात आहे ती.”

बायकोने वळून पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात ‘नको’ कुठल्या आवाजात आलं हे ओळखता येतं. पण ती पुन्हा ओट्याकडे वळली, आणि मास्तरांना वाटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आठवडा गेला. पडताळणी त्यांच्याकडे आली नाही. तिला कार्यालयातून पत्र गेलं होतं: निरीक्षणांतल्या हलगर्जीपणाबद्दल खुलासा द्यावा, शिष्यवृत्तीचा पुढच्या वर्षाचा निर्णय त्यानंतर. हे मास्तरांना कळलं ते दुर्बिणीच्या फिटरकडून. तो आरशाचे स्क्रू तपासता तपासता म्हणाला, “सर, पोरीला पत्र दिलं म्हणे. मी म्हटलं काहीतरी घोटाळा असेल. तुम्ही असताना तिच्यावर कसं येईल?”

फिटर हे भोळेपणाने म्हणाला की मुद्दाम, हे मास्तरांना कळलं नाही. ते तडक खोलीत गेले, दार लावलं आणि तिची जुनी मेल शोधून काढली.

तिच्या विनंतीखाली त्यांचं उत्तर होतं. ‘तुझ्यासारखे पाठ केलेले आकडे म्हणणारे पोपट मी खूप पाहिले. वेळापत्रक मी ठरवतो. तू इथे आहेस ती माझ्या शब्दावर, हे डोक्यात ठेव. आणि बैठकीत पुन्हा मला असं अडवू नकोस.’

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा स्वतःचं म्हणून, दुसऱ्यांदा तिचं म्हणून. ती कुठे बसून वाचत असेल तेव्हा? वसतिगृहातल्या खोलीत? की खालच्या संगणककक्षात, शेजारी कुणी बसलेलं असताना? त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यांनी संगणक बंद केला आणि काळ्या पडद्यात आपलाच चेहरा दिसला, तेव्हा उठून उभे राहिले.

संचालिकाबाईंच्या दारावर टकटक करताना त्यांना पळून जावंसं वाटत होतं. आत गेल्यावर ते बसले नाहीत.

“वेळापत्रक मी लावलं होतं,” ते म्हणाले. “तिने आधीच लेखी सांगितलं होतं, एकाच तासाला बघू नका. मी ऐकलं नाही. आणि गेल्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोललो.”

बाईंनी एक कागद पुढे सरकवला. पडताळणीचा खुलासा. सव्वा पान. पाच रात्रींच्या वेळा, मोजलेले वेग, आणि शेवटी एक वाक्य: एका तासाच्या निरीक्षणांतून बारा तासांची फेरी सापडत नाही, ही मर्यादा अहवालात नोंदवायला हवी होती. कुणाचं नाव नाही. मास्तरांची मेल जोडलेली नाही.

“तिने मेलचा उल्लेखही केला नाही,” बाई म्हणाल्या. “मला वाटलंच होतं की काहीतरी राहिलंय. पण तुम्ही म्हणालात म्हणून मी तुमचं ऐकलं. आता मलाही तिची माफी मागायला हवी.”

हे ऐकताना मास्तरांना फार लाज वाटली.

दुपारी ते पडताळणीच्या टेबलाशी गेले. ती सामान आवरत नव्हती, रडतही नव्हती. दुसऱ्याच एका ताऱ्याचा पट्टा तपासत बसली होती.

“मी खरं सांगून आलो,” मास्तर म्हणाले. “तुझं पत्र रद्द होईल. चूक माझी होती, आणि नंतरचा हलकटपणाही माझाच.”

“हो,” ती म्हणाली. “बाईंचा फोन आला होता.”

“तू ती मेल का नाही जोडलीस? एका मिनिटात सुटली असतीस.”

ती पडद्याकडेच बघत राहिली. “त्यात तुम्ही मला जे लिहिलंय ना, ते आणखी कुणाला वाचायला द्यायचं नव्हतं मला. लाज वाटत होती.”

“लाज मला वाटायला हवी.”

“असेल. पण वाटत मला होती.”

ज्या शब्दांबद्दल आपली मान खाली जायला हवी होती, ते शब्द ही मुलगी दोन महिने लपवत फिरत होती, जणू तिनेच काही केलं होतं.

“मी सोमवारी बैठकीत सगळ्यांसमोर सांगणार आहे,” ते शेवटी म्हणाले.

“सांगा. पण मेल वाचून दाखवू नका.”

“नाही.”

“आणि माझं कौतुकही करू नका, प्लीज. नुसतं ताऱ्याबद्दल सांगा, आणि वेळापत्रकाबद्दल.”

सोमवारी मास्तर उभे राहिले. वळणाचा आलेख फळ्यावर लावला, आपले पाच ठिपके लाल शाईने दाखवले. “मी पाच रात्री एकच क्षण पाहिला,” ते म्हणाले. “आयुष्याचं गणित बरोबर होतं. चौदा अब्ज वर्षांच्या विश्वात तीन दशांशाचा एकटा तारा मरू शकत नाही. जेव्हा तसं दिसलं, तेव्हा शंका स्वतःच्या निरीक्षणावर घ्यायला हवी होती. मला ते याच खोलीत सांगितलं गेलं होतं, आणि मी त्यावर विनोद केला. तुम्ही हसलात ते माझ्यामुळे. नंतर दोष मी दुसऱ्यावर ढकलला, खोटं बोलून. तेही तुम्हाला माहीत असावं.”

कुणी टेबलावर थाप मारली नाही. एक मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. पडताळणी वहीत लिहीत होती. मास्तरांनी वर्तमानपत्राला पाठवलेलं दुरुस्तीचं पत्रही वाचून दाखवलं. ते मात्र पुढे आतल्या पानात, चार ओळींत छापून आलं. सभागृहातल्या त्या आजोबांच्या नजरेस ते पडलं की नाही, देव जाणे. त्यांनी घरी नातवंडांना नियम मोडणाऱ्या ताऱ्याची गोष्ट सांगून टाकली असेल, या विचाराने मास्तरांना कित्येक दिवस मध्येच चटका बसे.

त्या रात्री त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. “रविवारचं जेवण,” ती शेवटी म्हणाली, “मी विचारणार नाही आता तिला. तिला नाही म्हणायला जड जाईल.” मास्तरांना हे सुचलंच नसतं.

पडताळणीने मार्गदर्शक बदलला. अर्जात कारण लिहिलं होतं, ‘विषयाची दिशा’. त्या जोडताऱ्याचा शोधनिबंध तिने दुसऱ्या वेधशाळेतल्या लोकांबरोबर लिहिला. त्यात मास्तरांचं नाव होतं, शेवटी, यंत्र बांधल्याबद्दल आभार मानलेल्या ओळीत. त्या ओळीत एकही शब्द कमी किंवा जास्त नव्हता.

मास्तर बदलले का? लोक म्हणतात, थोडे. बैठकीत कुणी हात वर केला की ते आधी गप्प बसतात, पुष्कळ वेळ, इतका की बोलणाराच गांगरतो. सवय एका दिवसात जात नाही. कधी जिभेवर टोमणा येतो आणि ते तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळतात. एकदा नवीन मुलाने चुकीचा आकडा सांगितला तेव्हा ते “अरे गाढवा” म्हणून गेलेच, आणि मग सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. मुलगा इतका घाबरला की त्याला वाटलं, आता आपली धडगत नाही.

पुढच्या हंगामात दुर्बिणीच्या वेळेसाठी अर्ज आले. यंत्राचा प्रमुख म्हणून ते मास्तरांच्या सहीला येत. त्यात पडताळणीचा एक होता: सलग तीन रात्री, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, आणखी एका हलक्या श्वेत बटूसाठी. कारणं मुद्देसूद, हिशेब चोख. वर मायना होता, ‘महोदय’.

मास्तरांनी तो शब्द बराच वेळ पाहिला. मग त्यांनी त्या तीन रात्रींतला आपल्या चाचणीचा नऊ ते दहाचा तास खोडला, अर्जावर सही केली आणि तो कार्यालयात नेऊन द्यायला स्वतःच जिना उतरले.